शून्य कमिशनचे शंभर दिरहम

"दुबई-शारजातनं पैसे पाठवताना झिरो कमिशनवाल्याकडूनच पाठवा. कमिशन नाही म्हणजे कापाकापी नाही, सगळे पैसे घरी पोचतात. रेटमध्ये पन्नास पैसे इकडं-तिकडं असतातच, तेवढ्यानं काय हुतंय? बँक वर जीएसटी लावते, हे लावत नाहीत. आणि गूगलवर दिसतो तो रेट खोटा, तो कुणालाच मिळत नाही, त्याच्याशी ताडून बघू नका. आपल्या गल्फच्या पोरांना फॉरवर्ड करा."

गेल्या आठवड्यात हा निरोप आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकला. एक निपाणीचा, एक खानापूरचा आणि तिसरी माझी सख्खी बहीण. तिचा मुलगा शारजात एसी दुरुस्तीचं काम करतो आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. मी बेळगावात दुकानांचे हिशेब लिहितो. परकी चलनाशी माझा संबंध एवढाच की घरातलं कुणी ना कुणी तिकडं असतं आणि पावत्या शेवटी माझ्याकडे येतात. त्या पावत्या बघून मला हा निरोप फार लागला. तो पाठवणाऱ्यांचं मन साफ आहे, पण तो पाळला तर दरमहा खरे पैसे जातात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे आपोआप सुटतात.

बँका एकमेकींशी डॉलर-रुपयाचा व्यवहार करतात तेव्हा कोणत्याही क्षणी दोन भाव असतात. एक घेण्याचा, एक विकण्याचा, आणि दोन्हींत फरक पैशा-दोन पैशांचा. त्यांच्या बरोबर मधला आकडा म्हणजे मधला दर, मिड-मार्केट रेट. गूगलवर AED/INR लिहिलं की साधारण तोच दिसतो. हा दर तुम्हा-आम्हाला मिळत नाही, हे अगदी खरं. काउंटर चालवणाऱ्याला भाडं आहे, पगार आहे, नफाही हवा. पण म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही. मार्केट यार्डात ठोक विक्रीचा जो भाव निघतो, त्या भावानं गल्लीत बटाटा मिळत नाही. तरी गल्लीतला दुकानदार किलोमागे किती चढवतो हे कळायला यार्डातला भावच माहीत असावा लागतो. मधला दर ही वस्तू विकत घ्यायची नाही, ती मोजपट्टी आहे. ती टाकून दिली की हातात फक्त दुकानदारानं सांगितलेला आकडा उरतो, आणि तो महाग की स्वस्त हे ठरवायला काहीच राहत नाही.

काहीजण सांगतात, "आम्ही पाच ठिकाणी विचारलं, त्यातला चांगला घेतला." चांगलं केलं, पण पाच दुकानांची आपापसात तुलना केली तर त्यांतला कमी महाग कोण एवढंच कळतं. पाचही जण तीन टक्के खात असतील तर ते कळत नाही.

दिरहमच्या बाबतीत गूगलवर विश्वास नसेल तर त्याची पडताळणी आपल्याच हातात आहे, आणि ती आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. अमिरातीनं १९९७पासून आपला दिरहम डॉलरला बांधून ठेवलाय. १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, रोज तेवढेच. त्यामुळे दिरहमचा रुपयातला मधला दर काढायला डॉलरचा मधला दर घ्यायचा आणि ३.६७२५ने भागायचं. समजा डॉलर ८८.१४ रुपयांना आहे. भागून आले बरोबर २४.०० रुपये. सौदी रियालही असाच डॉलरला बांधलेला, ३.७५ने भागायचं. डॉलरचा आकडा तर लपवता येत नाही. एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी त्याचा संदर्भ दर जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी तो पेपरातही सापडतो. फक्त त्या संस्थेचा आकडा दिवसातून एकदाचा असतो, तुमचा व्यवहार सकाळचा असेल तर थोडा फरक पडेल.

पुढचे सगळे हिशेब मी या २४.०० वर करतो. हा आजचा भाव नव्हे, समजायला घेतलेला सोपा आकडा आहे.

आता कमिशनचा मुद्दा. भाच्याकडे ५,००० दिरहम आहेत. झिरो कमिशनवाला त्याला २३.५२ दर देतो आणि फी एक पैसाही घेत नाही. घरी पोचतात १,१७,६०० रुपये. मधल्या दरानं ५,००० दिरहमची किंमत १,२०,००० रुपये होती. म्हणजे २,४०० रुपये वाटेतच राहिले. टक्केवारी काढायची रीत अशी:

```
(मधला दर − दिलेला दर) ÷ मधला दर × १००
(२४.०० − २३.५२) ÷ २४.०० × १०० = २.०
```

दोन टक्के. तिकडच्या पैशात बोलायचं तर २,४०० रुपये म्हणजे १०० दिरहम. पावतीवर "फी: ०" छापलंय आणि भाच्याच्या खिशातून शंभर दिरहम गेलेत. ते कुठल्याही रकान्यात दिसत नाहीत, कारण वजाबाकी दरातच करून ठेवलेली आहे.

आमच्या निपाणीकडच्या जुन्या तंबाखूवाल्यांना ही रीत नवी नाही. बिनव्याजी उचल देणारा व्यापारी पानाचा भाव पाडून घ्यायचा. उचलीच्या चिठ्ठीवर व्याजाचा रकाना कोरा असायचा, पण व्याज वसूल झालेलं असायचंच.

आता दुसरा सौदा बघू. हा उघड फी घेतो, २० दिरहम. तिकडे फीवर ५ टक्के व्हॅट लागतो, म्हणून एकूण २१. दर मात्र २३.८८ देतो. नुसता दर बघितला तर चढवलेला भाग अर्धाच टक्का, पण तिथंच थांबू नका. फीसुद्धा त्यात मिळवायची असते, नाहीतर उलट्या बाजूनं फसगत होते. ५,००० मधून २१ गेले, उरले ४,९७९. त्याचे २३.८८नं झाले १,१८,८९८ रुपये. १,२०,०००च्या तुलनेत १,१०२ कमी. म्हणजे सगळं धरून सुमारे ०.९२ टक्के.

दर आणि फी वेगवेगळे बघत बसण्यापेक्षा हा एकच आकडा काढावा. घरी खात्यात पडलेले रुपये घ्यावेत आणि पाठवणाऱ्याच्या खिशातून गेलेल्या एकूण दिरहमांनी भागावेत. इथं १,१८,८९८ भागिले ५,०००, म्हणजे २३.७८. हा त्याचा खरा दर. तो २४.०० शी ताडला की सगळं आत आलं. मधल्या एखाद्या बँकेनं परस्पर काही कापलं असेल तर तेही यात सापडतं, कारण आपण मोजतो ते पोचलेले पैसे, कबूल केलेले नव्हेत.

दोन सौद्यांतला फरक जवळजवळ १,३०० रुपये. दर महिन्याला ५,००० पाठवणाऱ्याचे वर्षाला साडेपंधरा हजार होतात. खानापूरच्या एखाद्या घरात तेवढ्यात पावसाळ्याआधी कौलं शेकारून होतात.

इथं निरोपातलं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. फी ठरलेली असते आणि दरातला चढ रकमेच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे रक्कम छोटी असेल तर झिरो कमिशनवालाच परवडतो. भाच्यानं १,००० दिरहम पाठवले तर पहिल्याकडून २३,५२० रुपये येतात. दुसऱ्याकडून फी जाऊन ९७९ दिरहमचे २३,३७८. इथं पहिला जिंकला. काटा कुठं फिरतो ते काढायला फीला दोन दरांतल्या फरकानं भागायचं, पण आधी फी रुपयात आणायची. २१ दिरहम गुणिले २३.८८ म्हणजे साधारण ५०१ रुपये, आणि दरांतला फरक ३६ पैसे. ५०१ भागिले ०.३६, म्हणजे जवळपास १,४०० दिरहम. त्याखाली झिरो कमिशन बरं, त्यावर फीवाला बरा. हा १,४०० दगडावरची रेघ नव्हे. दर आणि फी बदलली की तोही बदलतो, म्हणून आकडा पाठ न करता भागाकार पाठ करावा.

पन्नास पैशांचं आता. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पन्नास पैसे कशावर, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. ८८ रुपयांच्या डॉलरवर पन्नास पैसे म्हणजे ०.५७ टक्के, चांगला सौदा. ओमानचा रियाल डॉलरच्या २.६ पट, म्हणजे आपल्या हिशेबात २२९ रुपयांच्या आसपास. त्यावर पन्नास पैसे म्हणजे पाव टक्क्याहून कमी, फारच चांगला सौदा. आणि २४ रुपयांच्या दिरहमवर तेच पन्नास पैसे म्हणजे २.०८ टक्के. मस्कतला असलेला चुलतभाऊ "पन्नास पैशानं काय हुतंय" म्हणतो ते त्याच्यापुरतं बरोबर असतं. शारजातला तेच वाक्य उचलतो आणि नवपटीहून जास्त महाग सौदा करून बसतो. म्हणूनच पैशात बोलायचं नाही, टक्क्यात बोलायचं.

बाजू कुठली हेही बघावं लागतं. पैसे घरी येताना दिलेला दर मधल्या दराच्या खाली असतो. उलट इथून कुणी दुबईला निघालं आणि दिरहम विकत घ्यायचे असले तर दर मधल्याच्या वर असतो, तेव्हा वजाबाकी उलटी करायची: दिलेला वजा मधला. भागायचं मात्र दोन्ही वेळा मधल्या दरानंच. दुकानाच्या फळ्यावर दोन्ही रकाने असतात. समजा घेण्याचा २३.१० आणि विकण्याचा २४.९०. त्यांच्या मधोमध २४.०० येतो आणि दोन्हीकडे ९० पैसे, म्हणजे पावणेचार टक्के. मोबाईल जवळ नसला तर एवढ्यावरून अंदाज येतो. पण तो अंदाजच. दुकानदार दोन्ही रकाने थोडे खाली सरकवून ठेवू शकतो, आणि मग मधोमधचा आकडा खऱ्या मधल्या दराशी जुळत नाही.

फळ्याचा विषय निघाला म्हणून घरचा एक प्रसंग सांगतो. धाकटा भाऊ कायमचा परत आला तेव्हा त्याच्याकडे १,२०० दिरहमच्या नोटा उरल्या होत्या. आम्ही दोघं बेळगावातल्या एका काउंटरवर गेलो. काचेवर मोठ्या अक्षरात "कमिशन नाही" लिहिलेलं. २०.७५ दर मिळाला, २४,९०० रुपये घेऊन आम्ही समाधानानं बाहेर पडलो. संध्याकाळी घरी बसून ताडून बघितलं तर त्या दिवशी मधला दर २२.१० होता. १,२०० दिरहमचे २६,५२० व्हायला हवे होते. १,६२० रुपये, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर गेले. रोख नोटांचा दर खात्यातून पाठवलेल्या पैशापेक्षा वाईट असणार हे मी समजू शकतो. नोटा साठवाव्या लागतात, विम्यासह मोठ्या शहरात पाठवाव्या लागतात, तोवर पैसा अडकून पडतो. पण सहा टक्के ही त्या कष्टाची किंमत नव्हे, ती आमच्या न विचारण्याची किंमत होती. पुढच्या वेळी मेव्हण्याच्या नोटा घेऊन गेलो तेव्हा आधी एकच प्रश्न टाकला: "आज आयबीआर किती, आणि त्याच्या खाली तुम्ही किती देताय?" आयबीआर हा या धंद्यातला रोजचा शब्द, बँकांमधला दर. हा शब्द गिऱ्हाईकाच्या तोंडून ऐकला की समोरचा कॅल्क्युलेटर पुन्हा हातात घेतो. त्या दिवशी फळ्यावरचा दर आमच्यासाठी तिथंच ४० पैशांनी सुधारला.

जीएसटीबद्दल निरोपात जे लिहिलंय त्यानं मात्र मी खरोखर अस्वस्थ झालो. चलन बदलण्यावरचा जीएसटी काही बँकेनं मनानं लावलेला नाही. परवानाधारक मनी चेंजरलाही तो लागू आहे. रकमेच्या टप्प्यांप्रमाणे १ लाखापर्यंत बदललेल्या रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये, एवढी सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के कर. म्हणजे १ लाख रुपयांवर कर होतो १८० रुपये आणि छोट्यात छोट्या व्यवहारावर ४५ रुपये. दोन-तीन टक्क्यांच्या चढापुढे हा ०.१८ टक्का काहीच नाही. इथला जो मनी चेंजर "जीएसटी नाही" म्हणतो त्यानं एकतर कर दरात मिसळलाय किंवा तो पावतीच देत नाही. पावती न देणाऱ्याकडे जाऊच नये, कारण नंतर वाद झाला तर हातात काहीच नसतं.

याच नियमात एक गोष्ट आहे जी या सगळ्या वादाचा निकाल लावते. सेवेची किंमत ठरवण्याची दुसरी रीत जीएसटी नियम ३२मध्ये दिलेली आहे. दिलेला दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतला फरक, गुणिले बदललेलं चलन. म्हणजे सरकारच्या नियमपुस्तकातच दरातल्या फरकाला सेवेचं मोल मानलंय. कमिशनचा रकाना कोरा असला तरी.

तिकडून रुपये होऊनच आले तर बदल शारजातच झालेला असतो. इथल्या बँकेला बदलायला काही उरत नाही, त्यामुळे हा कर इथं लागत नाही. दिरहम किंवा डॉलर तसेच बँकेत आले तर बँक आपल्या दरानं रुपये करते, आणि मग तुलना त्या बँकेच्या दराशी करायची, शारजातल्या काउंटरच्या दराशी नाही. बदल कुठं झाला हे न बघितल्यामुळे पुष्कळ हिशेब चुकतात.

ताडून बघताना आणखी एक चूक मी स्वतः केलीय. रविवारी भाच्याची पावती आली, मी लगेच मधला दर बघितला, आणि आकडा आला उणे. म्हणजे काउंटर त्याला मधल्यापेक्षा चांगला दर देत होता! असं नेहमीच्या धंद्यात होत नाही. बघितलं तर पावती गुरुवारची होती आणि दरम्यान शुक्रवारी रुपया वधारला होता, म्हणजे मधला दर खाली आला होता. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, पडद्यावर शुक्रवारचाच आकडा गोठलेला राहतो. दोन्ही आकडे एकाच दिवसाचे आणि जमेल तितके एकाच वेळेचे हवेत. उणे आकडा येण्याचं दुसरं कारण म्हणजे नव्या गिऱ्हाईकाला पहिल्या वेळेपुरता दिलेला खास दर. तो खरा असतो, पण बहुतेक वेळा ठरावीक रकमेपर्यंतच. दुसऱ्या महिन्यात पुन्हा ताडून बघावं, कारण खरा सौदा तिथून सुरू होतो.

हे सगळं मी ग्रुपवर एवढं लांबलचक लिहिलं नाही. बहिणीला फोन केला आणि भाच्याकडून तीन आकडे मागवले: त्याच्या खिशातून किती दिरहम गेले, घरी किती रुपये पडले आणि पैसे कुठल्या दिवशी, किती वाजता पाठवले. त्यातून कळलं की पोरगा ५,००० एकदम पाठवत नव्हता. आईला लागतील तसे दर आठवड्याला १,२५० पाठवत होता, झिरो कमिशनवाल्याकडून. १,२५० हे १,४००च्या खाली, म्हणजे प्रत्येक खेप वेगळी धरली तर त्याचा निर्णय बरोबर होता. चार खेपा मिळून मात्र तेच १०० दिरहम जात होते.

"मग एकदम पाठवलं तर, मामा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, पगार झाल्यावर फीवाल्याकडून एकदाच पाठव, आणि आईनं ते आपल्या खात्यातून आठवड्याला काढावेत. मध्येच दवाखान्यासाठी वगैरे दोन-तीनशे दिरहम लागले तर झिरो कमिशनवाला आहेच. बहीण आधी थोडी कुरकुरली, खात्यात एवढे पैसे एकदम पडले की खर्च होतात म्हणाली. मग तिनंच मार्ग काढला. पैसे आले की तीन आठवड्यांचे सोसायटीत ठेवायचे, आणि वाचलेले तेराशे वेगळ्या डब्यात.